नाकाच्या खाचेत औषध आपलं आपण पोहोचतं

नमस्कार श्रोतेहो.

गेली बरीच वर्षं मी त्वचेची डॉक्टर म्हणून काम करते आहे. आज चेहऱ्यावरच्या तीन लहानशा जागांबद्दल बोलायचं आहे: नाकपुडीच्या कडेची खाच, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या पापण्या. मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइडचं मलम लावणारे कितीतरी जण पहिल्या महिन्याभरातच ते सोडून देतात, आणि त्याला बहुतेक वेळा याच तीन जागा कारण ठरतात. गाल, कपाळ ठीक असतं. पण नाकाच्या कडेला साल निघते, ओठाच्या कोपऱ्यात चिरा पडतात, पापणी लाल होते, आणि माणूस म्हणतो, मला हे औषध सोसत नाही.

रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातली औषधं. तुमच्या ट्यूबवर ॲडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल यांपैकी एखादं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असेल. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. वांगासाठी म्हणून जी तीन औषधं मिसळलेली मलमं मिळतात, आणि लोक गोरं होण्यासाठी परस्पर आणून लावतात, त्यांतही बहुधा ट्रेटिनॉइन असतं, जोडीला स्टेरॉइडही असतं. तेव्हा 'मी असलं काही लावत नाही' असं वाटत असलं, तरी घरातली ट्यूब एकदा उजेडात धरून वाचा.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे बी.एड. करणारी एक मुलगी आली होती. हनुवटीवर आणि गालांवर मुरुमं होती म्हणून तिला ॲडापलीनचं 0.1 टक्क्याचं जेल दिलेलं होतं. दहा-बारा दिवसांत नाकाच्या दोन्ही कडा सोलवटल्या, तोंड उघडलं की ओठांचे कोपरे ताणून दुखायला लागले. ती म्हणाली, "डॉक्टर, मी तिथं फारसं लावतच नाही हो." मी तिला म्हटलं, मला लावून दाखव. तिनं बोटावर जेल घेतलं, नाकाच्या शेंड्यावर, गालांवर आणि हनुवटीवर ठिपके दिले आणि दोन्ही हातांनी चोळलं. बोटं गालांवरून आत आली, नाकाच्या कडेनं खाली उतरली आणि ओठांच्या कोपऱ्यांशी येऊन थांबली. बोटं जिथं थांबतात, तिथं उरलेलं सगळं औषध साठतं. ती खरंच बोलत होती, तिथं ती लावत नव्हती. औषध तिथं पोहोचत होतं.

असं होण्याची कारणं साधी आहेत. नाकाची खाच आणि ओठाचा कोपरा या दोन्ही घड्या आहेत. घडीत मलम साचतं आणि कातडीला कातडी लागून झाकलं जातं, त्यामुळे गालापेक्षा जास्त आत शिरतं. शिवाय या जागा सतत ओल्या असतात, एकीकडे लाळ, एकीकडे नाकाचं पाणी, आणि ओल्या कातडीत औषध जास्त मुरतं. पापणीची कातडी तर अंगावरची सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात मलम रात्रभर एका जागी बसून राहत नाही. चेहऱ्याच्या तेलाबरोबर आणि घामाबरोबर ते सरकतं, उशीला लागतं, आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात जातं.

म्हणून या तीन जागी रेटिनॉइड बेतानं लावायचा प्रश्नच नाही. तिथं ते लावायचंच नाही, आणि जे सरकत येणार आहे त्याला आधीच अडवून ठेवायचं.

आता रात्रीचा क्रम सांगते, कारण चूक होते ती क्रमात. सगळ्यांत आधी दात घासा. हसू नका, हे खरंच महत्त्वाचं आहे. मलम लावून झाल्यावर दात घासले तर पेस्टचा फेस ओठांच्या कोपऱ्यांतून ओघळतो, आपण तोंड पुसतो, आणि हनुवटीवरचं औषध नेमकं कोपऱ्यात नेऊन लावतो. पेस्टच्या फेसानंही तिथली कातडी चरचरते, ते वेगळंच. दात झाले की सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, सुती पंचानं नुसतं टिपा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. कातडी पूर्ण कोरडी झाली पाहिजे.

मग पेट्रोलियम जेली, म्हणजे आपण जिला सरसकट व्हॅसलिन म्हणतो ती, करंगळीच्या टोकावर अगदी थोडी घ्या. दोन्ही नाकपुड्यांच्या खाचांत, ओठांवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी तिचा पातळ हात फिरवा. चकाकी दिसेल इतपतच, थर नको, कारण जाड थर ऊबेनं वितळतो आणि डोळ्यांत उतरतो. हा झाला बांध. बांध आधी घालायचा. रेटिनॉइड लावल्यावर त्याच्यावरून व्हॅसलिन चोपडलंत तर उलटं होतं, औषध खाली कोंडलं जातं आणि जास्त आग करतं.

आता औषध. अख्ख्या चेहऱ्याला ओल्या वाटाण्याएवढं पुरतं, जास्त घेतल्यानं मुरुमं लवकर जात नाहीत. कपाळावर एक, दोन्ही गालांच्या बाहेरच्या बाजूला एकेक आणि हनुवटीच्या मध्यावर एक असे ठिपके द्या. नाकावर ठिपका नको. हात मधून बाहेर फिरवा, म्हणजे गालावरून कानाकडे आणि हनुवटीवरून जबड्याकडे. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यापासून एक बोट जागा मोकळी सोडा. डोळ्याभोवती बोटानं चाचपून पाहा, एक हाडाची कड लागते. त्या कडेच्या आत जायचं नाही, वरच्या पापणीला तर अजिबात नाही. झालं की हात साबणानं धुवा, कारण रात्री डोळे चोळायला तेच बोट जातं. आणि लगेच आडवं होऊ नका, वीस-तीस मिनिटं मुरू द्या.

ज्यांची कातडी नाजूक आहे किंवा जे नव्यानं सुरुवात करत आहेत, त्यांनी आधी चेहऱ्यावर साधं मॉइश्चरायझर लावावं, त्यावर रेटिनॉइड, आणि वाटलं तर वर पुन्हा मॉइश्चरायझर. औषधाचा जोर थोडा कमी होतो, पण ते बंद पडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री लावा. मग एकाआड एक. सर्दी झाली असेल आणि दिवसभर नाक पुसून कडा लाल झाल्या असतील, तर त्या दिवसांत सुट्टी घ्या.

किती साल निघणं चालण्यासारखं, आणि कुठं थांबायचं? माझी खूण सोपी आहे. सकाळी तोंडावर साधं पाणी मारा. पांढुरके बारीक पापुद्रे आहेत, कातडी ताणल्यासारखी वाटते, पण पाणी झोंबत नाही, तर मॉइश्चरायझर वाढवा आणि एक रात्र गाळा. तेवढं पुरतं. साधं पाणी किंवा रोजचं क्रीमसुद्धा झोंबलं, तर वरचं संरक्षक आवरण फाटलं आहे असं समजा. त्या रात्रीपासून रेटिनॉइड पूर्ण बंद, अख्ख्या चेहऱ्यावर बंद. फक्त गालांवर लावते असं म्हणू नका, ते पुन्हा सरकत येतं.

त्या मुलीनं नेमकं उलटं केलं होतं. साल काढायला बेसन चोळलं, नखानं पापुद्रे ओढले आणि आग थांबेना तेव्हा मावशीच्या घरचं ते तीन औषधांचं मलम लावलं. स्टेरॉइडमुळे दोन दिवस बरं वाटलं. पण त्यातल्या ट्रेटिनॉइननं त्याच जागेवर आणखी घाव घातला, आणि मलम थांबवताच लाली दुपटीनं वर आली. आपल्या गहूवर्णी, सावळ्या कातडीचं आणखी एक दुखणं असतं. जखम आठवड्यात भरते, पण मागं जो काळसर डाग राहतो तो कित्येक महिने जात नाही. तिच्या नाकाच्या दोन्ही कडांना तशा काळ्या रेघा उमटल्या होत्या. मुरुमांपेक्षा तिला त्यांचंच जास्त वाईट वाटत होतं, आणि तिचं ते वाईट वाटणं मला पूर्ण पटत होतं.

आम्ही सगळी मलमं बंद केली. दिवसातून तीन-चारदा पातळ पेट्रोलियम जेली, तोंड धुवायला फक्त सौम्य फेसवॉश, दिवसा सनस्क्रीन, पण सोलवटलेल्या जागी सनस्क्रीनही झोंबत होतं म्हणून पहिले काही दिवस तिथं ओढणीची सावली. नवव्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं. त्यानंतर आणखी पाच दिवस मी थांबायला लावलं, कारण आग थांबली म्हणजे कातडी पक्की झाली असं नसतं. मग बुधवार आणि रविवार अशा दोन रात्री, बांध घालून, मॉइश्चरायझरवर. महिन्यानं एकाआड एक.

आणि तिचा वरच्या ओठाचा प्रश्न होता. ती वॅक्सिंग करायची. रेटिनॉइड चालू असताना मेणाच्या पट्टीबरोबर केसांसोबत कातडीही निघून येते, ओठाच्या कडेला तर हमखास. वॅक्सिंगऐवजी दोरा बरा, आणि त्यासाठीही आधी निदान पाच-सात रात्री औषध बंद ठेवायचं. ब्लीच तर नकोच.

कुणी विचारेल, माझे ब्लॅकहेड्स नाकाच्या खाचेतच आहेत, मग काय करू? दोन-तीन महिने चेहरा औषधाला सरावू द्या. मग आठवड्यातून एखाद्या रात्री, आधी मॉइश्चरायझर लावून, गालांचं झाल्यावर बोटाला जे पुसट उरतं तेवढंच तिथं टेकवा. डोळ्याखालच्या रेघांसाठी हाडाच्या कडेपर्यंतच या. कोरड्या डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तेही आधी डॉक्टरांना विचारून करावं, कारण पापण्यांच्या कडेला डोळा ओला ठेवणाऱ्या बारीक तेलाच्या ग्रंथी असतात आणि रेटिनॉइड त्यांना मानवत नाही.

या जागांचं प्रत्येक दुखणं औषधामुळेच असतं असंही नाही. नाकाच्या कडेला पिवळसर, तेलकट खपल्या, आणि तशाच भुवयांत आणि डोक्यात असतील, तर तो कोंड्याचाच भाऊबंद आहे. ओठांचे कोपरे चिरून पांढरे पडत असतील, तर बुरशी, सैल कवळी किंवा अंगात लोह कमी असणं यांपैकी काही असू शकतं. तोंडाभोवती बारीक लाल पुळ्यांचं कडं उठलं आणि ओठाला लागून एक अरुंद पट्टी मात्र स्वच्छ राहिली, तर बहुधा स्टेरॉइडचा हात आहे. यांतलं काही दिसलं, जखमेतून पाणी किंवा पू येऊन पिवळी खपली धरली, पापणी सुजली, किंवा औषध थांबवून दोन आठवडे झाले तरी बरं नाही, तर दाखवायला या. आणि गरोदर असाल किंवा मूल होऊ द्यायचं ठरवत असाल, तर रेटिनॉइड लावूच नका.

ती मुलगी चार महिन्यांनी पुन्हा आली होती. हनुवटी जवळपास स्वच्छ झाली होती. नाकाच्या कडेच्या रेघा फिकट झाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. पिशवीतून तिनं जेलीची छोटी डबी काढून दाखवली. तिच्या झाकणावर तिनं पेनानं लिहून ठेवलं होतं: "आधी ही."