साठावा दिवस रविवारी आला तर

(सांगलीत तरुण वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

डिफॉल्ट जामिनाचं कलम वाचायला दोन मिनिटं लागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 187(3). दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात तपासाला 90 दिवस, बाकी गुन्ह्यांत 60. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर त्याला सोडावंच लागतं. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, हे तिथे पाहायचं नसतं. अर्ज हातचे जातात ते दिवस मोजताना आणि जामीनदार उभा करताना, म्हणून आज तेवढंच बोलू.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. तासगाव भागातल्या बागायतदारांची द्राक्षं उचलून पैसे बुडवल्याच्या आरोपावरून एका व्यापाऱ्याला 5 फेब्रुवारी 2025 च्या संध्याकाळी अटक झाली. 6 तारखेला पहिला रिमांड झाला. कलम फसवणुकीचं, भारतीय न्याय संहितेचं 318(4), कमाल शिक्षा सात वर्षं. म्हणजे मुदत 60 दिवसांची.

मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून होते. रिमांडचा तो दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने कपिल वाधवान प्रकरणात मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं. फेब्रुवारीचे 23, मार्चचे 31, एप्रिलचे 6, झाले 60. साठावा दिवस 6 एप्रिल, रविवार. सुट्टी आली म्हणून पोलिसांची मुदत सोमवारवर ढकलली जात नाही. 7 एप्रिलची सकाळ उजाडली की हक्क उभा राहतो. 6 फेब्रुवारी सोडून मोजणारा मात्र 7 एप्रिललाच साठावा दिवस धरतो आणि 8 ला अर्ज घेऊन येतो. तोवर चार्जशीट दाखल झालेली असते आणि हक्क संपलेला असतो.

म्हणून 7 एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. वकीलपत्रावर आरोपीची सही आधीच्या आठवड्यातच कारागृहातून आणून ठेवा. आदल्या दिवशी अर्ज देऊ नका, तेव्हा हक्कच जन्मलेला नसतो. अर्जात पहिल्या रिमांडची तारीख, साठावा दिवस, आजवर दोषारोपपत्र नाही हे विधान, आणि ‘न्यायालय ठरवेल तो जामीन देण्यास अर्जदार तयार आहे’ हे वाक्य हवंच. आवक शिक्क्याशेजारी वेळ लिहून घ्या. साडेदहाला अर्ज आणि बाराला चार्जशीट, असं झालं तर सगळा निकाल त्या वेळेवर फिरतो. अर्ज आधी पडला असेल, तर नंतर आलेल्या चार्जशीटने हक्क जात नाही. एम. रवींद्रन प्रकरणात 2020 मध्ये हे ठरलं आहे. सरकारी पक्षाचा ‘से’ मागवता येतो, पण मुदत खरंच संपली का एवढ्यापुरता, चार्जशीट तयार करायला सवड मिळावी म्हणून नव्हे. तारीख पुढे पडत असेल तर हा निकाल समोर ठेवून त्याच दिवशी आदेशाचा आग्रह धरा.

कलमांवर शेवटच्या दोन आठवड्यांत नजर ठेवा. न्याय संहितेचं विश्वासघाताचं कलम 316(5) वाढलं की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि मुदत 90 दिवस होते. माल स्वतः विकत घेणाऱ्यावर हे कलम बहुधा बसत नाही, कारण मालकी त्याच्याकडे गेलेली असते. शेतकऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या अडत्याची गोष्ट वेगळी, त्याच्याकडे माल विश्वासाने सोपवलेला असतो. हा फरक रिमांडच्या वेळीच मांडा, एकसष्टाव्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

आता सर्वांत दुर्लक्षित टप्पा. जामीन मंजूर झाला, 50 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. नातेवाईक सातबारा काढायला धावतात, उताऱ्यावर बोजा निघतो, दुसरा जामीनदार शोधण्यात दोन दिवस जातात. आदेशाप्रमाणे जामीन दिला गेला नाही आणि तेवढ्यात चार्जशीट आली, तर हातात आलेला हक्क विझतो. 2001 च्या उदय मोहनलाल आचार्य निकालात हे सांगितलं आहे. आरोपी गरीब असला की नेमका इथेच अडकतो, आणि याची मला फार खंत वाटते. म्हणून जामीनदाराचा ताजा उतारा, ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा आधीच तपासून ठेवा. जोडीला तात्पुरत्या रोख जामिनाची विनंतीही करा.

अशा प्रकरणांत फिर्यादी पक्ष म्हणतो, बुडवलेली रक्कम भरायला लावून मगच सोडा. बागायतदाराचं दुःख खरं आहे, वर्षभराची कमाई गेलेली असते. पण डिफॉल्ट जामिनाला रक्कम भरण्याची अट घालता येत नाही. सरवणन प्रकरणात उच्च न्यायालयाने आठ लाख भरण्याची घातलेली अट सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये काढून टाकली. अशी अट आदेशात आली, तर ती काढून घेण्यासाठी लगेच वरच्या न्यायालयात जा.