ट्रकचालक म्क्वाजू आणि त्याची बायको तुनू: रेडिओ मालिका आरोग्याबद्दलचं मत कशी बदलते

नमस्कार. रेडिओवर डॉक्टर सांगतात, "निरोध वापरा." ऐकणारा मनात लगेच म्हणतो, "मला सांगणारे हे कोण?" तोंडाने काही बोलत नाही, पण आतल्या आत त्याने सल्ला परतवून लावलेला असतो. आता तोच माणूस एका मालिकेत गुंतलेला आहे. पुढे काय होणार याची त्याला काळजी लागली आहे. त्या वेळी त्याच्याकडे वाद घालायला सवड नसते. आज आपण बोलणार आहोत ते सल्ल्याला आत शिरायला मिळणाऱ्या याच फटीबद्दल, आणि उदाहरण घेऊ टांझानियाचं.

जुलै १९९३ मध्ये रेडिओ टांझानियाने स्वाहिली भाषेत 'त्वेन्दे ना वाकाती' ही मालिका सुरू केली. नावाचा अर्थ साधारण 'चला, काळाबरोबर चालू'. आठवड्यातून दोन भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. विषय दोन होते, कुटुंबनियोजन आणि एचआयव्ही.

मालिकेतला म्क्वाजू हा ट्रकचालक. लांबच्या फेऱ्या करतो, वाटेत ठिकठिकाणी त्याच्या मैत्रिणी आहेत. घरी बायको तुनू. सुरुवातीला ती सगळं निमूट सोसते, मग हळूहळू स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला लागते. पुढे म्क्वाजूला एड्स होतो.

या रचनेमागे मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांची पद्धत आहे. १९७० च्या दशकात त्यांनी दूरचित्रवाणी मालिकांसाठी ती बसवली, आणि तिला आधार होता मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांच्या सिद्धान्ताचा: माणूस दुसऱ्याला बघून शिकतो. साबिदो पात्रांच्या तीन जाती करतात. एक, योग्य वागणारं पात्र. दोन, चुकीचं वागणारं. आणि तीन, मधलं: जे डळमळतं, चुकतं, घाबरतं आणि शेवटी बदलतं. पहिली दोन पात्रं कथेला दोन टोकांना ओढतात. ऐकणारी व्यक्ती मात्र बहुधा तिसऱ्याच पात्रात स्वतःला शोधते, कारण तीही अजून ठरवतेच आहे. माझ्या मते लेखकाने अर्ध्याहून अधिक मेहनत या तिसऱ्या पात्रावर घालावी. प्रत्यक्षात सगळे लेखक खलनायकाच्याच प्रेमात पडतात.

(कागदावरचं दृश्य कॅमेऱ्याला दाखवत)

हे दृश्य मी फक्त समजावण्यासाठी लिहिलंय, त्या मालिकेतलं नाही. बायकोला नवऱ्याकडून एचआयव्हीची चाचणी करवून घ्यायची आहे. पहिली आवृत्ती अशी: ती दवाखान्यात जाते, परिचारिका दोन मिनिटं चाचणीचं महत्त्व सांगते, ती म्हणते, "आता मला समजलं." संपलं. हे दृश्य वाईट आहे, आणि ते ओळखायची खूणही सोपी आहे: काढून टाकलं तरी कथा जराही लंगडत नाही.

दुसरी आवृत्ती. नवरा जेवतोय. ती म्हणते, "मी उद्या दवाखान्यात जाणार आहे." तो विचारतो, "कशाला? बरं नाही का?" "बरी आहे. चाचणी करायची आहे. दोघांची." तो ताट सरकवतो. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" ती गप्प. बऱ्याच वेळाने बोलते, "तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी मी जाणार." भाग इथे थांबतो.

यात माहिती जवळजवळ नाहीच. पण ऐकणाऱ्या बाईला एक तयार वाक्य मिळालं: "नाही आलात तरी मी जाणार." चाचणी चांगली, हे तिला आधीपासून माहीत असतं. अडतं ते विश्वासाच्या प्रश्नावर काय उत्तर द्यायचं इथे. 'मला हे जमेल' असा भरवसा बांडुरा फार महत्त्वाचा मानतात, आणि तो असाच तयार होतो: आपल्यासारखी कुणी आधी अडखळते, मग निभावून नेते, हे ऐकून. पहिल्याच फटक्यात धीट झालेली नायिका इथे कुचकामी. तिचं कौतुक होतं, पण तिच्यासारखं वागून बघावं असं कुणाला वाटत नाही.

आता बिघाड कुठे होतो? सगळ्यात मोठा धोका म्क्वाजूसारख्याच पात्राचा. असा माणूस गमतीदार असतो, त्याचे संवाद चुरचुरीत असतात. ज्याने फक्त पहिले काही भाग ऐकले, त्याच्या पदरात नुसती मजाच पडते. शिक्षा वर्षभराने येणार, तोवर तो ऐकायचा थांबलेला असतो. उलट तिसऱ्याच भागात आजार आणला तर ते प्रवचन वाटतं. उपाय असा की नुकसान हप्त्याहप्त्याने दाखवायचं: आधी पैसा जातो, मग घरात अबोला येतो, मग मुलं टाळायला लागतात, आणि आजार सगळ्यात शेवटी. म्हणजे कुणी मधूनच ऐकायला लागलं तरी त्याच्या कानावर काहीतरी किंमत पडतेच. आणि प्रसारणाआधी काही भाग अनोळखी लोकांना ऐकवून एकच विचारायचं: "यातलं कोण व्हायला आवडेल?" उत्तरात खलनायक आला, तर संहिता परत लिहायला घ्या.

आता खरी अवघड गोष्ट: परिणाम झाला हे कळणार कसं? ऐकणारे आणि न ऐकणारे यांची नुसती तुलना फसवी असते. आरोग्याची काळजी असलेलीच माणसं अशी मालिका जास्त ऐकत असतील, तर फरक मालिकेचा की माणसांचा? टांझानियात यासाठी छान युक्ती केली. मालिका इतर केंद्रांवर लागायची, पण दोदोमा केंद्रावर १९९३ ते १९९५ त्या वेळी दुसरे कार्यक्रम लावले. मग दरवर्षी दोन्हीकडे पाहणी केली. १९९५ मध्ये दोदोमालाही मालिका सुरू केली, म्हणजे तिथेही बदल दिसतो का ते तपासता आलं. कुटुंबनियोजनाच्या बाबतीत तो दिसलाही. अर्थात रेडिओच्या लहरी जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. दोदोमातही काही जणांनी दुसऱ्या लहरीवर मालिका ऐकली होतीच, त्यामुळे तुलना थोडी पुसट होते.

एक आकडा नेहमी सांगितला जातो: ऐकणाऱ्यांपैकी ८२ टक्के म्हणाले, मालिकेमुळे आम्ही एचआयव्हीपासून बचावाचा काहीतरी उपाय सुरू केला. त्यांच्यातले ७७ टक्के म्हणाले, जोडीदारांची संख्या कमी केली. निरोध सुरू केला म्हणणारे फक्त १६ टक्के. हे सगळं लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, आणि 'आता मी एकनिष्ठ आहे' हे म्हणायला सोपं, तपासायला अवघड. म्हणून मी या आकड्यापेक्षा दवाखान्याच्या नोंदींवर जास्त विसंबेन. कुटुंबनियोजनासाठी किती नवे लोक आले हे तिथल्या वहीत असतं, आणि टांझानियात त्या वह्याही पाहिल्या गेल्या. वही उत्तर देताना लाजत नाही. फक्त तिथे साधनांचा साठा होता का, हेही बघायला हवं. मालिका माणसाला दारापर्यंत आणते, आत औषधच नसेल तर वहीत काही दिसणार नाही, आणि दोष विनाकारण कथेला लागेल.

पाहणीत आणखी एक प्रश्न जरूर घाला: "मालिकेतल्या गोष्टीवर तुम्ही कुणाशी बोललात का? नेमकं काय म्हणालात?" उत्तर 'हो' असलं की थांबू नका, वाक्य लिहून घ्या. त्यात जर पात्राचेच शब्द आले, जसं "नाही आलात तरी मी जाणार", तर ते वाक्य कोणत्या भागातलं हे तुम्हाला लगेच शोधता येतं.