सावकाश होऊ द्या

नमस्कार श्रोतेहो.

समजा, अंबडच्या एखाद्या कारखान्यात जर्मनीहून इंजिनिअर आलाय. दुपारी जेवणाची सुट्टी होते. तो कँटीनमध्ये शिरतो आणि जेवणाऱ्यांकडे बघून म्हणतो, ‘मालत्साइट’. त्यांच्याकडे दुपारच्या वेळी कामाच्या ठिकाणी हा शब्द नमस्कारासारखा चालतो. समोरच्यानं तोच परत म्हणायचा, की झालं. आपली मंडळी मात्र डबा उघडता उघडता म्हणतात, ‘या साहेब, जेवायला.’ साहेबाला वाटतं, आमंत्रण आलं. तो खुर्ची ओढून बसतो. त्याला मेथीची भाजी आणि अर्धी भाकरी मिळणारच, तो प्रश्न नाही. घोटाळा झाला तो आधी कुणी बोलायचं याचा.

त्यांच्यात येणारा बोलतो, आपल्यात जेवणारा. तुम्ही कुणाच्या दारात गेलात आणि आत माणूस ताटावर बसलेला असला, तर पहिला शब्द त्याचा: ‘या जेवायला.’ मग तुम्ही म्हणायचं, ‘होऊ द्या सावकाश’ किंवा ‘तुमचं चालू द्या, माझं आत्ताच झालं.’ तुमचं झालेलं नसलं तरी हेच म्हणायचं. मग हे बोलावणं खरं की रीतीपुरतं? हात ताटातच ठेवून एकदाच म्हटलं, तर रीत. पण त्यानं आत हाक मारली, ‘अगं, एक पान वाढ गं,’ किंवा स्वतः सरकून जागा केली, की ते खरं. तेव्हा ‘आत्ताच झालं’ पुरत नाही. निदान दोन घास खावेच लागतात.

घरी बोलावलेल्या पाहुण्याला मात्र आपण ‘जेवणाचा आनंद घ्या’ असं म्हणत नाही. ते निवेदकाच्या तोंडी शोभतं. ‘सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा’ हे वाक्य कार्यालयातल्या माइकवरचं, घरातल्या ताटाशेजारचं नव्हे. माझ्या मते याचं कारण असं, की स्वतःच्या हातच्या जेवणात आनंद आहे असं यजमानीणबाईंनी कसं म्हणावं? त्या म्हणणार, ‘काही विशेष केलं नाही, गोड मानून घ्या.’ आमटी झकास झाली, हे म्हणायचं काम पाहुण्याचं. यजमानाच्या तोंडी राहतं ते फक्त किती आणि कसं जेवायचं एवढंच: पोटभर जेवा, लाजू नका, सावकाश होऊ द्या.

हे सगळं नीट बघायचं तर पंगतीत बघावं. पानं मांडली जातात, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर येते, वरणभातावर तूप पडतं, तोवर कुणी घास घेत नाही. मग ‘वदनी कवळ घेता’ म्हणतात. कुठे ‘पार्वतीपते हर हर महादेव’चा गजर होतो. गंमत म्हणजे हे सगळं म्हणतात जेवणारेच, आणि म्हणतात देवाला. एकमेकांना कुणी काही चिंतत नाही. यजमान हात जोडून ओळीतून फिरतात ते ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत. उठताना जेवणारे म्हणतात, ‘अन्नदाता सुखी भव.’ सदिच्छा आहे, पण ती जेवणानंतरची आणि वाढणाऱ्यासाठी. आता बऱ्याच लग्नांत बुफे असतो. तिथे ‘सावकाश’ म्हणणारे यजमान स्टेजवर फोटोत अडकलेले, आणि आपल्या मागे ताटली घेऊन पंधरा माणसं.

गंगापूर रोडच्या नव्या हॉटेलांत वेटर ताट ठेवून ‘एन्जॉय युवर मील’ म्हणतो. आजोबा गोंधळून त्यालाच म्हणतात, ‘या, बसा.’ त्या पोरांना कुणीतरी ‘सावकाश जेवा’ शिकवावं. दोन शब्द आहेत, आणि उत्तरही द्यावं लागत नाही. इंग्रजीला तरी यासाठी स्वतःचं काही कुठे होतं? ‘बोनापेती’ त्यांनी फ्रेंचांकडूनच उचललं.

झोपेचं आणखी वेगळं. ‘शुभ रात्री’ आम्ही रेडिओवाले म्हणतो, कारण तुम्ही तिकडून उत्तर देऊ शकत नाही. घरात आईला ‘शुभ रात्री’ म्हणून बघा, ती विचारील, ‘बरं वाटत नाहीये का?’ मुलांना आपण म्हणतो, ‘झोपा आता, सकाळी शाळा आहे.’ मुक्कामी पाहुण्याला म्हणतो, ‘उशाशी पाणी ठेवलंय, थंडी वाजली तर ही आणखी एक गोधडी.’ डिसेंबरातल्या नाशिकला ती लागतेच. आणि जाता जाता, ‘काही लागलं तर हाक मारा.’ झोप छान लागो, हे रात्री कुणी म्हणतच नाही. ते सकाळी चहाबरोबर प्रश्न होऊन येतं: ‘झोप लागली ना नीट?’ याचं उत्तर ठरलेलं आहे, ‘हो, अगदी गाढ.’ डासांनी रात्रभर फोडून काढलं असलं, तरी हेच.

मालिकांचं डबिंग करणाऱ्यांना इथे अडचण येते. पडद्यावर ओठ रात्री हलतात, आणि आपलं वाक्य सकाळचं. मग ते ‘गोड स्वप्नं बघ’ घालतात. त्यापेक्षा ‘चल, झोप आता’ घालावं. ओठांनाही बसतं, आणि आईच बोलतेय असं वाटतं.