आतल्या मांडीचा गडी

नमस्कार श्रोतेहो. मी फिजिओथेरपिस्ट, आणि आजचा विषय आहे मांडीच्या आतल्या बाजूचा एक स्नायू. सुरुवातीला तुम्हालाच थोडं कामाला लावतो. खुर्चीवर बसला असाल तर मांडीच्या आतल्या बाजूला, जरा मागच्या अंगाला, चार बोटं ठेवा. आता दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबा. बोटांखाली काहीतरी कडक झालं. बरोबर, तेच त्याचं काम. मांड्या जवळ आणणं. आता गुडघे दाबू नका. पुढे वाका आणि खुर्चीवरून उठायला लागा, बूड जेमतेम सुटेल एवढंच. पुन्हा कडक झालं का? बहुतेकांना जाणवेल. आता तर तुम्ही मांड्या जवळ आणत नव्हता, उठत होता. मग तो कशाला जागा झाला?

याचं उत्तर मला एका पोरानं आणि त्याच्या आजोबांनी शिकवलं, म्हणून तीच गोष्ट सांगतो.

पोरगा एकवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, हे आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे, सांगायला नको. सोळाशे मीटर त्याचं चांगलं होतं. अडायचं ते शंभर मीटरला. पहिल्या वीस पावलांतच मागे पडायचा आणि वर दुखायचं. कुठे, विचारल्यावर त्यानं उजव्या बुडाखाली बोट ठेवलं, बसायच्या हाडापाशी, पण आतल्या अंगाला. "मागची शीर ओढतेय सर." मैदानावर सगळ्यांनी सांगितलं होतं, मांडीमागची हॅमस्ट्रिंग आहे, ताण. मग गडी चार महिने रोज सकाळी पाय कठड्यावर टाकून ताणत होता, आणि दुखणं जिथल्या तिथे. (आपल्याकडे कुठलीही शीर दुखली की ताणायची, हा एक रोगच आहे. दुखऱ्या जागेला आणखी ओढलं तर ती गप्प बसेल, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.)

मी त्याला पालथं झोपवलं. गुडघा वाकवून टाच बुडाकडे ओढायला सांगितली आणि मी टाच धरून ठेवली. हॅमस्ट्रिंग दुखावलेली असती तर इथे तो ओरडला असता. काही नाही. मग उताणं झोपवून खुबे आणि गुडघे काटकोनात वाकवले, दोन गुडघ्यांच्या मध्ये माझी मूठ ठेवली आणि म्हटलं, दाब. दाबलं आणि चेहरा वाकडा झाला. "तिथंच सर, अगदी तिथंच."

एवढ्यानं शंभर टक्के निदान होत नाही हं. हॅमस्ट्रिंग आणि आपला आजचा पाहुणा, दोघंही त्या एकाच हाडावरून निघतात, शेजारी शेजारी. भिंतीला भिंत लागून असलेली घरं. कुणाच्या घरात भांडण चाललंय ते बाहेरून नेमकं सांगणं अवघड. पण दिशा कळली.

मग म्हटलं, स्क्वॉट कसा मारतोस दाखव. पोरगा खूश झाला, कारण खांद्यावर शंभर किलो घेतो म्हणून गावात त्याचं नाव होतं. मी नुसता रिकामा बार दिला, वीस किलोचा. त्यानं गुडघे थोडे वाकवले, वीतभर खाली गेला आणि वर आला. म्हटलं, हे झालं नमस्कार करणं. खाली बस, पूर्ण. मांडी जमिनीला समांतर होऊन त्याच्याही खाली. तो गेला. आणि वर येताना, रिकाम्या बारनं, दोन्ही गुडघे आत आले, बूड आधी वर उठलं आणि छाती खाली राहिली. शंभर किलोवाला गडी वीस किलोला थरथरत होता.

बाकावर त्याचे आजोबा बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, जुने तालमीतले, कान सुजून बसलेले. इतका वेळ गप्प होते. ते उठले, धोतराचा सोगा खोचला, आणि माझ्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत बैठका मारायला लागले. मी मोजल्या, चाळीस. धाप लागली नाही. म्हणाले, "डॉक्टर, ह्यो पोरगा खाली बसतच न्हाई. कमोडवर बसतोय, खुर्चीवर बसतोय, बाईकवर बसतोय. खाली बसल्याशिवाय वर कसा यील?"

मी हसलो, पण रात्री बराच वेळ तेच डोक्यात होतं. कारण म्हातारा शरीरशास्त्रच बोलत होता.

आता ते शास्त्र थोडक्यात. त्या स्नायूचं नाव अ‍ॅडक्टर मॅग्नस. मॅग्नस म्हणजे लॅटिनमध्ये मोठा. अ‍ॅडक्टर म्हणजे जवळ आणणारा. नावात अर्धंच काम आलं, म्हणून तो लपून राहिला. शिवाय इतर स्नायूंच्या खाली दडलेला, बाहेरून दिसत नाही. कॉलेजात शवविच्छेदनाच्या टेबलावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, हा एवढा थोरला पंखा इथे कुणी ठेवला? ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून मांडीच्या हाडावर वरपासून खालपर्यंत पसरलेला. आणि गंमत म्हणजे त्याला दोन नसा येतात. पुढच्या भागाला मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंची नस, आणि मागच्या भागाला हॅमस्ट्रिंगला जाते तीच सायटिक नस. म्हणजे घर एक, पण विजेची मीटर दोन. हा मागचा भाग बसायच्या हाडावरून निघतो आणि गुडघ्याच्या थोडं वर, आतल्या बाजूच्या एका छोट्या उंचवट्यावर चिकटतो.

गुडघ्याच्या वर, हे लक्षात ठेवा. गुडघा तो ओलांडत नाही. सगळी मेख इथेच आहे.

हॅमस्ट्रिंगचा बराचसा भाग गुडघा ओलांडून खाली नडगीच्या हाडांवर जातो. त्यामुळे खाली बसून वर उठताना तिची पंचाईत होते. तिनं जोर लावला तर खुबा सरळ होतो, ठीक, पण त्याच वेळी गुडघा वाकवायला ओढ लागते, आणि तो तर आपल्याला सरळ करायचा असतो. म्हणजे मांडीपुढच्या स्नायूंशी तिची रस्सीखेच. मॅग्नसला ही अडचण नाही. तो खुबा मागे ओढतो आणि गुडघ्याच्या भानगडीत पडत नाही.

मग बुडाचा तो मोठा स्नायू, ग्लुटिअस? तो बलदंड आहेच. पण खुबा जसजसा जास्त वाकतो, तसतशी त्याची तरफ आखूड होत जाते. मॅग्नसचं उलटं. खुबा जितका वाकलेला, तितकी मॅग्नसची तरफ लांब. विहिरीवरचा रहाट आठवा, दांडा लांब असला की पोहरा हलका लागतो. म्हणून अगदी तळाशी, जिथून उठणं सगळ्यांत अवघड, तिथे हा लपलेला गडी सगळ्यांत कामाचा. पुन्हा सांगतो, तळाशी. वीतभर वाकून वर येणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही, म्हणून तो तयारच होत नाही.

जपानमध्ये सतरा तरुणांवर याचा एक अभ्यास झाला, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. एका गटानं पूर्ण खाली जाऊन स्क्वॉट मारले, दुसऱ्यानं अर्धे. मांडीच्या आतल्या स्नायूंचं आकारमान पूर्णवाल्यांचं सुमारे सहा टक्क्यांनी वाढलं, अर्धेवाल्यांचं तीनच्याही आत. आणि हॅमस्ट्रिंग? दोन्ही गटांत जवळपास तिथल्या तिथे. लहान अभ्यास आहे, पण म्हाताऱ्याच्या वाक्याला पुरेसा आहे.

बैठकीबद्दल मात्र आजोबांशी माझं थोडं जमत नाही. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, अंग ताठ राहतं, गुडघे पुढे जातात. तिथे मांडीपुढच्या स्नायूंवर जास्त भार येतो. मॅग्नसला हवी टाच टेकलेली आणि अंग थोडं पुढे. म्हणजे आपलं उकिडवं बसणं, टाचा टेकवून. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग आमची पोटरी कुणी केली?" मी विषय बदलला.

आणि हे पळण्यात कसं येतं? पहिली दहा-वीस पावलं आठवा. अंग पुढे झुकलेलं, गुडघा पोटाशी वर आलेला. म्हणजे खुबा खोल वाकलेला. तिथून मांडी खाली आणि मागे फेकायची. तळातून उठणं आणि सुरुवातीची पावलं, दोन्हीकडे खुब्याचा कोन जवळजवळ तोच. म्हणून दोन्हीकडे तोच गडी लागतो. पोरगा नेमका पहिल्या वीस पावलांत अडायचा, यात नवल नव्हतं. (जिममध्ये बसून मांड्या फक्त मिटायचं जे यंत्र असतं, त्यावर मी रागावत नाही, पण त्यात खुबा सरळ करायला जोर लागतच नाही. नाव वाचून यंत्र बनवलं की असं होतं.)

मग आम्ही केलं काय? कठड्यावर पाय टाकणं बंद. पहिले दोन आठवडे गुडघ्यांत उशी धरून दाबायचं, तीस सेकंद, पाच वेळा, रोज. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, त्याच्यावर नको. मग छातीशी दहा किलोची प्लेट धरून पूर्ण खाली, मनात तीन मोजत उतरायचं, तळाशी एक क्षण थांबायचं आणि मग उठायचं. गुडघे आत आले की तो फेरा तिथेच संपला, वजन वाढवायचं नाही. आठवड्याला तीन दिवस. चौथ्या आठवड्यापासून कुशीवर झोपून वरचा गुडघा बाकावर टेकवून अंग उचलायचं, एका बाजूला सहा वेळा. पळणं चालू ठेवलं, पण वीस मीटरचे छोटे तुकडे, सत्तर टक्के जोर.

आणि एक सावधान. पळताना अचानक तट्कन आवाज आला, किंवा दुसऱ्या दिवशी मांडीमागे काळंनिळं उतरलं, तर हे काही करू नका, डॉक्टर गाठा. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांत तर आधी एक्स-रे. त्या वयात स्नायूऐवजी हाडाचा टवकाच सुटून येऊ शकतो.

दहाव्या आठवड्याला पोरगा पन्नास किलो घेऊन पूर्ण खाली जाऊन उठत होता, गुडघे सरळ. म्हणजे जुन्या आकड्याच्या निम्मे, आणि तेवढ्यावरून तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नव्हता. दुखणं गेलं. शंभर मीटर तेरा पूर्णांक चार सेकंदांवरून तेरावर आलं. त्यातलं किती मॅग्नसचं आणि किती नुसत्या सरावाचं, ते मला सांगता यायचं नाही.

शेवटच्या दिवशी आजोबा आले होते. यावेळी बैठका नाही मारल्या. बाकावर बसले, नातवाचा सेट बघितला आणि मला म्हणाले, "टाच टेकवून बसतोय, बरं हाय. पण तुमी सोता कदी बसताय खाली, डॉक्टर?"

श्रोतेहो, माझी वेळ झाली. नमस्कार.