‘सध्याची नोकरी का सोडताय?’

नमस्कार, श्रोतेहो. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो आहे. चांगल्या चाललेल्या मुलाखती एकाच प्रश्नावर घसरताना मी पाहिल्या आहेत: सध्याची नोकरी का सोडताय?

विचारणाऱ्याला तुमच्या कंपनीच्या भानगडींत रस नसतो. ज्या कारणानं तुम्ही तिथून निघालात, तेच कारण इथेही दोन वर्षांत उभं राहील का, एवढंच त्याला ताडायचं असतं. त्यामुळे साहेबांबद्दलची तक्रार खरी असली तरी ती त्याच्या उपयोगाची नाही. दुसरी बाजू त्याच्यासमोर नसते, आणि त्याचं मन लगेच पुढे धावतं: उद्या हा माणूस माझ्याबद्दल असंच बोलेल का?

माझ्या ओळखीतली एक मुलगी एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात चार वर्षं पुरवठादारांची बिलं तपासून नोंदवत होती. महिनाअखेरचं क्लोजिंग, म्हणजे हिशेब जुळवून खाती बंद करणं, शिकायची तिची फार इच्छा होती, पण ते काम ठरावीक लोकांकडेच जायचं. पहिल्या मुलाखतीत ती म्हणाली, “आमचे साहेब चांगली कामं मर्जीतल्या लोकांना देतात.” समोरच्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. पुढे फोन आला नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला आधी सगळा राग कागदावर उतरवायला सांगितलं, जसाच्या तसा. मग त्याखाली एकच ओळ लिहायला लावली: यात मला काय मिळालं नाही? तिनं लिहिलं, ‘क्लोजिंगचं काम.’ उत्तर तिथेच होतं. वरचा सगळा मजकूर साहेबांबद्दलचा होता, ही एक ओळ तिच्याबद्दलची होती. मुलाखतीत न्यायची ती ही ओळ.

त्यातून उत्तर असं तयार झालं: “चार वर्षं मी पुरवठादारांची बिलं बघते. महिन्याला साधारण सहाशे बिलं माझ्या हातून जातात, आणि चूक कुठे लपते हे मी तिथेच शिकले. आता मला महिनाअखेरचे हिशेब जुळवून खाती बंद करण्यापर्यंतचं काम करायचं आहे. तुमच्या जाहिरातीत तेच काम आहे, म्हणून अर्ज केला.” अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. यात एक शब्दही खोटा नाही. आणि शेवटचं वाक्य फक्त याच जागेला लागू पडतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘मला नवीन आव्हान हवंय’ हे वाक्य कुठल्याही जागेला चालतं, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. ‘तिथे वाढीला वाव नाही’ हे सौम्य वाटतं खरं, पण तीही कंपनीवरची टीकाच आहे.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: “मग हे काम तिथेच का नाही मागितलं?” इथे दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडतं. ‘खरं सांगायचं तर’ असे शब्द तोंडात आले की समजा, पाठोपाठ तक्रार येणार. तिनं दोनदा विचारलं होतं, आणि त्या गटात तीनच जागा होत्या, तिन्ही भरलेल्या. तेवढंच सांगायचं. खरोखर विचारलंच नसेल, तर ‘विचारलं नाही, ते माझ्याकडून राहिलं’ असं कबूल करावं. रचून काही सांगू नये, कारण पुढे जुन्या ऑफिसात चौकशीचा फोन जाऊ शकतो. म्हणूनच राजीनामा देताना साहेबांना जे कारण सांगाल, तेच इथेही सांगा. लेखी राजीनाम्यात मात्र कारणाची गरज नसते; शेवटचा दिवस आणि काम सोपवण्याची तयारी लिहिली की पुरतं.

काही कारणं अशी वळवता येत नाहीत. पगार थकले असतील किंवा विभागच बंद झाला असेल, तर ती घटना एका वाक्यात सांगा आणि ‘का झालं’ यात शिरू नका. तुमचा छळ झाला असेल, तर त्याची तक्रार जिथे दाद मिळते तिथे जरूर करा; मुलाखतीत त्याचा तपशील द्यायला तुम्ही बांधील नाही.

त्या मुलीचा आम्ही सराव घेतला. पहिलं उत्तर तिला लगेच जमलं. दुसऱ्यात ‘तिन्ही जागा भरलेल्या होत्या’ इथवर ती यायची, आणि खोलीतली शांतता असह्य होऊन पुढे म्हणायची, “पण...” त्या ‘पण’पाशी आम्ही संध्याकाळभर अडलो. चौथ्या-पाचव्या वेळी ती वाक्य संपवून थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि पुढचा प्रश्न मलाच विचारावा लागला.