दोरा, तराजू आणि घेर

(दृश्य: ठाण्यातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर चॉकलेट-क्रीमच्या गनाशने लिंपलेला गोल केक. फोन स्पीकरवर आहे.)

"दोन किलोचा हवाय. वर फॉन्डंट लावाल ना?"

आपल्याकडे केक किलोवर मागतात, भाजीसारखा. ग्राहकाचं चूक नाही, बेकरीनेच ती सवय लावली आहे. पण फॉन्डंट म्हणजे पोळीसारखा लाटून केकवर पांघरायचा साखरेचा मऊ गोळा; त्याला केकच्या वजनाशी काही देणंघेणं नसतं. त्याला विचारायचं ते दोनच गोष्टी: व्यास किती आणि उंची किती. तेच दोन किलो बसकं आणि रुंद असेल तर फॉन्डंट एक लागतं, उंच आणि अरुंद असेल तर दुसरंच.

हा केक ८ इंच व्यासाचा आहे. गनाश धरून ४ इंच उंच. ओट्यामागच्या ताई घरूनच केक करतात, आणि त्यांचं पहिलं हत्यार आहे साधा दोरा.

(दृश्य: दोरा केकच्या तळापासून वर, माथ्यावरून पलीकडे, पुन्हा तळापर्यंत.)

चढताना ४ इंच, माथ्यावर ८, उतरताना ४. दोरा पट्टीवर ठेवला की १६ भरतात. लाटलेली पोळी निदान एवढी हवी. पण नेमकी १६ इंची पोळी केकच्या बरोबर मध्यावर पडायला हात देवाचा लागतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त धरायचा. झाले १८.

आता जाडी. फार पातळ लाटलं तर खालच्या गनाशमधला प्रत्येक खड्डा वर दिसतो आणि माथ्याच्या कडेला पोळी फाटते. जाड लाटलं तर कडा बोथट दिसतात आणि खाणारा फॉन्डंट सोलून ताटलीत ठेवतो. ताई ४ मिलिमीटर ठेवतात. अंदाजाने नाही: लाटण्याच्या दोन्ही टोकांखाली ४ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, म्हणजे लाटणं त्याखाली जाऊच शकत नाही.

(दृश्य: फॉन्डंटचा चौकोनी तुकडा वजनकाट्यावर.)

आणि ही त्यांची खरी युक्ती. त्याच पट्ट्यांवर थोडं फॉन्डंट लाटून १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापायचा आणि तोलायचा. आज काट्यावर ५५ ग्रॅम आले. कंपनी बदलली, घरी मळलं किंवा जाडी बदलली, तर हा आकडा बदलेल. म्हणून पाकिटाच्या तक्त्यापेक्षा माझा या चौकोनावर जास्त भरवसा बसला. तक्ता कुणाच्या तरी जाडीचा असतो, चौकोन आपल्या लाटण्याचा.

पुढचं शाळेतलं गणित. १८ इंच म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर, त्रिज्या जवळपास २३. त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ केलं की पोळीचं क्षेत्रफळ साडेसोळाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. आपला चौकोन १०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे असे साडेसोळा चौकोन. गुणिले ५५. नऊशे ग्रॅमच्या थोडं वर. एक किलोचं पाकीट फोडायचं आणि शंभरेक ग्रॅम हाताशी ठेवायचं, कारण लाटताना पोळी काही कंपासने काढल्यासारखी गोल येत नाही.

(दृश्य: पोळी लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडली जाते. कडेला घडीच घडी.)

इथे बघा. माथा क्षणात बसला, पण खाली घेर सुटला आहे. मार्जिन सोडून मोजलं तरी १६ इंच व्यासाच्या पोळीची कड पन्नास इंच लांब भरते. केकच्या तळाचा परीघ आहे पंचवीस. पन्नास इंचांनी पंचवीस इंचांत मावायचं, तर कळ्या पडणारच. मोदकाच्या पारीला आपण त्या हौसेने पाडतो, इथे त्याच नको असतात.

ताई घडी दाबत नाहीत. दाबलेली घडी कायमची रेघ होते. त्या पदर अलगद बाहेर ओढून घडी उघडतात आणि तळव्याने वरून खाली चेपत नेतात. जादा फॉन्डंट हळूहळू खाली सरकतं आणि बोर्डावर जमतं.

हे जादा फॉन्डंट मोजता येतं, आणि मला या सगळ्यात तेच सगळ्यात मजेदार वाटलं. मार्जिन सोडून, पोळीच्या क्षेत्रफळातून केकचा माथा आणि बाजू वजा केली, तर उरतं ३.१४ गुणिले उंची गुणिले उंची. व्यास त्यातून गायबच होतो! केक ४ इंच उंच असेल, तर ६ इंची असो की १२ इंची, कळ्यांत जाणारं क्षेत्रफळ तेच: पन्नास चौरस इंच. बारा इंची केकच्या पृष्ठभागापुढे ते पाचवा हिस्सा आहे, सहा इंचीपुढे जवळजवळ निम्मं. म्हणून लहान पण उंच केकला फॉन्डंट कमी पडतं, आणि आपण पाकिटाला दोष देतो.

उंची वाढली की हे झपाट्याने बिघडतं. हाच ८ इंची केक ६ इंच उंच केला, तर पोळी २२ इंचांची लागेल. ती ओट्याच्या रुंदीतच जेमतेम मावते. वजन साडेतेराशे ग्रॅमपर्यंत, आणि एवढा पदर लोंबला की स्वतःच्याच भाराने माथ्याच्या कडेला चिरतो. अशा केकला ताई पोळी घालत नाहीत. माथ्याला गोल चकती, बाजूला २६ इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद पट्टी. त्याच जाडीत आठशे ग्रॅममध्ये काम होतं. जोड मागच्या बाजूला येतो, फोटोत दिसत नाही.

(दृश्य: डिसेंबरचा फ्रूट केक, त्यावर फिकट पिवळसर मार्झिपान.)

मार्झिपानला चकती आणि पट्टी हीच रीत बरी, कारण त्यात फॉन्डंटसारखा ताण नसतो, ओढलं की तुटतं. मूळ बदामाचं, पण गोव्यात आणि मुंबईत बरेच जण ते काजूचं करतात. ते लाटायचं ५ मिलिमीटर जाड, आणि त्याचा चौकोन वेगळा तोलायचा. फॉन्डंटचे ५५ ग्रॅम इथे चालवू नका.

त्यावर फॉन्डंट चढवायचं असेल, तर दोरा पुन्हा धरावा लागतो. दोन्ही बाजूंचं मिळून मार्झिपानने व्यासात एक सेंटिमीटर घातला, उंचीत अर्धा. दोरा चढतो, ओलांडतो, उतरतो, म्हणून पोळी दोन सेंटिमीटरने वाढते. हे विसरलं की तळाशी मार्झिपानची पिवळी रेघ उघडी पडते, आणि मग ती झाकायला रिबीन शोधावी लागते.

(दृश्य: पुन्हा आजचा केक. सुरी बोर्डाला टेकवून कड कापली जाते.)

कापलेली कड काट्यावर. ३०५ ग्रॅम. म्हणजे केकवर सहाशेच्या आसपास राहिलं. गनाश लागलेला भाग ताई काढून टाकतात, उरलेलं मळून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. फ्रिजमध्ये नाही, बाहेर आल्यावर त्याला पाणी सुटतं. डबा फडताळात जातो, वर चिकटपट्टी: आजची तारीख, ४ मिमी, ५५ ग्रॅम.

"किलोत धरलं का हे?" मी विचारतो.

"केक दोन किलो," त्या म्हणतात, "फॉन्डंट बिलात वेगळं."