दोन अक्षरं कुठे गेली?

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक बोट एंटर दाबतं.)

संगणकावरून दहा अक्षरं पाठवली. ए पासून जे पर्यंत, ओळीने. पलीकडे हिरव्या बोर्डावर बसलेल्या चिपने ती घेतली आणि जशी मिळाली तशी परत पाठवली. पडद्यावर काय आलं बघा.

```
ABCDGHIJ
```

ई आणि एफ गायब. पुन्हा पाठवलं, तर या वेळी बी आणि सी गायब. तिसऱ्यांदा पाठवलं, तर फक्त जे गायब. वायर हलवून पाहिली, केबल बदलून पाहिली. वायरचा काही दोष नव्हता.

(दृश्य: बोर्ड जवळून. चिपवरचा नंबर, शेजारी सोळा-दोनचा एलसीडी, त्यावर सेकंद मोजणारं घड्याळ.)

ही चिप ८०५१ घराण्यातली. इंटेलने १९८० मध्ये मूळ ८०५१ बाजारात आणली. महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेल्या किती तरी जणांची इंटरप्टशी, म्हणजे चालू काम थांबवून दुसऱ्या कामाला बोलावणाऱ्या हाकेशी, पहिली ओळख हिच्यावरच झाली. या प्रयोगशाळेतले बोर्ड जुने आहेत, काहींचे सॉकेट सैल झालेत. पण पुढे जे दिसणार आहे ते इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी चिप आम्हाला तरी माहीत नाही.

(दृश्य: लॉजिक अॅनालायझरच्या तीन रेषा. पिवळी, निळी, हिरवी.)

मॅडमनी तीन पिनांना तीन वायरी लावल्या. पिवळी रेषा वर गेली की टायमरचं रूटीन, म्हणजे त्याच्या हाकेवर चालणारा छोटा प्रोग्राम, चालू आहे असं समजायचं. निळी वर गेली की सीरियलचं. हिरवी सतत वरखाली होते, तो मुख्य प्रोग्राम. हिरवी थबकली म्हणजे मुख्य प्रोग्रामला कोणी तरी बाजूला बसवलं आहे.

टायमर दर १० मिलिसेकंदांनी हाक मारतो. त्याच्या रूटीनमध्ये एलसीडीवर लिहिण्याचं काम घातलेलं आहे, आणि एलसीडी संथ. त्यामुळे पिवळी रेषा ३ मिलिसेकंद वर राहते. इकडे सीरियलवरून ९६०० बॉडने अक्षरं येताहेत, म्हणजे साधारण १.०४ मिलिसेकंदाला एक. डी आलं तेव्हा टायमरचं रूटीन चालू होतं. चिपने डी स्वीकारून ठेवलं आणि `RI` हा झेंडा वर केला. रूटीन काही संपेना. तेवढ्यात ई आलं. झेंडा अजून वरच, मागचं अक्षर कोणी उचललेलं नाही, म्हणून चिपने ई सोडून दिलं. एफचंही तेच. मग पिवळी खाली आली, निळी वर गेली आणि डी उचललं गेलं. जी वेळेवर पोचलं.

आता खूण लक्षात आली असेल. हरवतात ती लागोपाठची एक किंवा दोन अक्षरं, त्यांच्या आधीचं शाबूत राहतं, आणि जागा दर वेळी बदलते. केबल खराब असती तर चुकीची अक्षरं आली असती. इथे आलेलं प्रत्येक अक्षर बरोबर आहे.

(दृश्य: फळा. पाच नावं एकाखाली एक.)

फळ्यावरची ही इंटरप्टच्या प्राधान्याची यादी प्रत्येक गाइडमध्ये असते. बाहेरचा इंटरप्ट शून्य, टायमर शून्य, बाहेरचा इंटरप्ट एक, टायमर एक आणि तळाला सीरियल. मॅडमनी वर्गाला विचारलं, "सीरियलचं रूटीन चालू असताना टायमर शून्यची हाक आली, तर तो मध्ये घुसेल का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "हो मॅडम, तो वरचा आहे ना!"

(दृश्य: अॅनालायझर. निळी रेषा मुद्दाम लांबवलेली. पिवळी खालीच.)

मॅडमनी सीरियलचं रूटीन मुद्दाम लांबवलं आणि दाखवलं. टायमर थांबला आहे. निळी खाली आल्यावरच पिवळी वर गेली.

सगळी गफलत या यादीपाशी होते, म्हणून इथे थोडं थांबूया. ही यादी फक्त दोघे एकाच वेळी दाराशी उभे असतील तर कोणाला आधी आत घ्यायचं ते सांगते. आत बसलेल्याला उठवायचा अधिकार ती कोणालाच देत नाही. तो अधिकार वेगळ्या जागी लिहिलेला असतो, `IP` नावाच्या रजिस्टरमध्ये. प्रत्येक इंटरप्टसाठी तिथे एक बिट आहे. बिट शून्य असेल तर खालची पायरी, एक असेल तर वरची. पायऱ्या दोनच. खालच्या पायरीचं रूटीन चालू असेल तर वरच्या पायरीचा इंटरप्ट त्याला मध्येच तोडू शकतो. खालचा खालच्याला तोडू शकत नाही. वरच्याला कोणीच तोडू शकत नाही, दुसरा वरचाही नाही.

काहीच लिहिलं नाही तर पाचही बिट शून्य, म्हणजे सगळे खालच्या पायरीवर. आपली अक्षरं हरवली ती यामुळे.

(दृश्य: संपादकात एक ओळ वाढवली जाते.)

```c
IE = 0x92;   // EA, ES, ET0
IP = 0x10;   // PS
```

पहिली ओळ आधीपासून होती. तिच्याने `EA` हे मुख्य दार आणि `ES` व `ET0` ही सीरियल व टायमर यांची दारं उघडतात. दुसरी ओळ नवी. तिने सीरियल वरच्या पायरीवर गेला.

(दृश्य: दहा अक्षरं, सगळी. मग अॅनालायझर, झूम करत करत.)

पिवळी वर आहे. तिच्या पोटात निळी बारीक काडी उठली, खाली आली, आणि पिवळी अजून वरच आहे. आणखी एक काडी, आणखी एक. टायमरचं रूटीन तीनदा तोडलं गेलं आणि तिन्ही वेळा जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं. यालाच नेस्टेड इंटरप्ट म्हणतात, रूटीनच्या आत रूटीन. काडीच्या आधी जो थोडा उशीर दिसतो तो चिपचा स्वतःचा. हातातली सूचना तिला पुरी करावीच लागते. ती सूचना रूटीनमधून परतण्याची `RETI` असेल किंवा `IE`, `IP` मध्ये लिहिणारी असेल, तर आणखी एक सूचना झाल्याशिवाय ती वळत नाही. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर हा सगळा उशीर १० मायक्रोसेकंदांच्या आत बसतो.

(दृश्य: मागच्या बाकावर एक मुलगी. तिच्या बोर्डावरचं घड्याळ थांबलेलं. पडद्यावर रजिस्टरची खिडकी.)

हिने तोच प्रोग्राम असेंब्लीत लिहिला. घड्याळ एकदा हललं आणि थांबलं. मुख्य प्रोग्राम मात्र छान चालू आहे, अक्षरंही येताहेत. `EA` एक, `ET0` एक. आणि `TF0`, टायमरची हाक, तीही एक. हाक आली आहे, दार उघडं आहे, आत मात्र कोणी जात नाही.

"मॅडम, बोर्ड खराब आहे."

"अगं, रूटीनची शेवटची ओळ वाच बघू."

(दृश्य: पडद्यावर `RET`. बोट त्यावर थांबतं. एक अक्षर जोडलं जातं.)

एखादं रूटीन सुरू झालं की "या पायरीवर काम चालू आहे" अशी नोंद चिप आतल्या आत करते. प्रत्येक पायरीसाठी एक. ही नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही आणि ती फक्त `RETI` ने पुसली जाते. `RET` ने प्रोग्राम योग्य जागी परततो, पण नोंद तशीच राहते. मग चिपच्या लेखी टायमरचं रूटीन अजून चालूच आहे, आणि खालच्या पायरीवरच्या कोणालाही ती पुन्हा आत घेत नाही. सीरियल वरच्या पायरीवर, म्हणून अक्षरं येत राहिली. हिच्या थांबलेल्या घड्याळात प्राधान्याचा नियम आख्खा दिसतो. सिम्युलेटरवरही हे दाखवता येतं म्हणतात. दाखवत असतील.

(दृश्य: एलसीडीवर घड्याळाच्या मधोमध एक विचित्र चिन्ह, मग नाहीसं.)

तोडायची परवानगी दिली की नवा त्रास सुरू होतो. मध्ये शिरताना चिप फक्त परतीचा पत्ता जपते. बाकी काहीही नाही. इथे टायमर आणि सीरियल दोघांनी रजिस्टरची एकच बँक, म्हणजे एकच संच, वापरली होती. टायमर पुढचं अक्षर हातात धरून बसला होता, मध्ये सीरियल आला आणि त्याच रजिस्टरवर आपलं लिहून गेला. परत आल्यावर टायमरने ते जसंच्या तसं एलसीडीवर टाकलं. सीरियल शांत असताना हे कधीच होत नाही, ही याची खूण. उपाय सोपा आहे, प्रत्येक पायरीला वेगळी बँक द्यायची.

```c
void t0(void) interrupt 1 using 1
void ser(void) interrupt 4 using 2
```

एकाच पायरीवरची रूटीन एक बँक वाटून घेऊ शकतात, कारण ती एकमेकांना तोडतच नाहीत.

(दृश्य: बोर्डावरचं बटण. अंगठा त्यावर टेकतो. घड्याळ थांबतं.)

आता मास्क, म्हणजे दार लावून घेणं. टायमरची मोजणी १६ बिटांची आहे, चिप ८ बिटांची. मुख्य प्रोग्राम ती मोजणी दोन तुकड्यांत वाचतो. २५५ चे २५६ होताना नेमका तुकड्यांच्या मध्ये टायमर आला, तर वाचलेलं उत्तर ५११ येऊ शकतं, नाही तर शून्य. म्हणून वाचण्यापुरतं `ET0` शून्य करायचं आणि लगेच पुन्हा एक. `EA` शून्य केलं तरी चालतं, पण मग सीरियललाही बाहेर ताटकळावं लागतं, आणि त्याचा या व्यवहाराशी काही संबंध नसतो.

दार किती वेळ लावायचं? बटण दाबलेलं असेपर्यंत `ET0` शून्य राहील, असा हा मुद्दाम केलेला प्रोग्राम आहे. अंगठा दहा सेकंद बटणावर होता. तेवढ्यात टायमरने किती तरी हाका मारल्या. अंगठा उचलला.

(दृश्य: घड्याळ पुढे सरकतं. शेजारी भिंतीवरचं घड्याळ, दहा सेकंद पुढे.)

एकच हाक ऐकली गेली. `TF0` हा एक बिट आहे. हाक आली होती एवढं त्याला आठवतं, किती वेळा ते नाही.

नव्या चिपमध्ये पायऱ्या अधिक असतात. एसटीएम३२एफ१०३ मध्ये सोळा आहेत, आणि तिथे आकडा जितका लहान तितका हक्क मोठा. फळ्यावरच्या यादीसारखा नुसता रांगेचा क्रम तिथेही आहेच.

हे बोर्ड पुढच्या सत्रात कपाटात जाणार आहेत.

(दृश्य: संध्याकाळ. खिडकीतून तिरका उजेड. मॅडम एकेक बोर्डाची केबल काढतात. शेवटच्या बोर्डावर घड्याळ चालू. फक्त खोलीतला आवाज.)